देवळाच्या छतावर सौर संच: भाविकांकडे निधी मागणारी नोटीस कशी तयार करावी

मंदिराच्या फळ्यावर सौर निधीची नोटीस लागते ती साधारण अशी: "मंदिरावर सोलर बसविण्याचे योजिले आहे. अंदाजे खर्च सहा लाख रुपये. भाविकांनी सढळ हस्ते मदत करावी." खाली अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांची नावं. दर्शन घेऊन निघणारी माणसं ती वाचतात आणि कुणीतरी काकडआरतीला नेमाने येणारे आजोबा खजिनदाराला गाठून विचारतात, "सहा लाखच का हो? आणि लाइट गेली तर पंखे चालतील ना? पैसे जास्त जमले तर त्याचं काय करणार?" खजिनदाराकडे बहुतेक वेळा एकच उत्तर असतं: कंपनीच्या माणसाने कोटेशन दिलंय.

नोटीस हा या कामातला शेवटचा कागद आहे. आधीचा हिशेब झाला असेल तर ती अर्ध्या तासात लिहून होते आणि आजोबांच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं तिच्यातच असतात. तो हिशेब कसा करायचा हे एका उदाहरणातून पाहू. कोपरखैरण्यातल्या एखाद्या सेक्टरमध्ये असतं तसं मध्यम आकाराचं मंदिर धरू: गाभारा, शिखर, समोर ४० बाय ६० फुटांचा स्लॅबचा सभामंडप, बाजूला छोटं कार्यालय. आकडे नमुन्याचे आहेत, त्यांच्या जागी तुमच्या मंदिराचे घाला.

बारा महिन्यांची बिलं समोर ठेवा

एका महिन्याच्या बिलावर काही ठरवू नका. चैत्रात पंखे दिवसभर फिरतात, नवरात्रात रोषणाई असते आणि पौषात निम्मा वापरही होत नाही. बारा बिलांवरच्या युनिटांची आणि रकमेची बेरीज करा. आपल्या उदाहरणात ती ७,८०० युनिट आणि १,०१,४०० रुपये येते, म्हणजे युनिटमागे सरासरी १३ रुपये.

त्याच बिलावर आणखी तीन गोष्टी पाहायच्या. पहिली, बिल कोणाच्या नावावर आहे? जुन्या मंदिरांत मीटर अजूनही जागा देणाऱ्या गृहस्थांच्या किंवा कधीकाळच्या अध्यक्षांच्या नावावर असतं. सौर संचाची वीज आणि मंदिराचा वापर यांचा एकत्र हिशेब ठेवणाऱ्या नेट मीटरचा करार वीजग्राहकाशी होतो. ग्राहक म्हणून दिवंगत व्यक्तीचं नाव असेल तर अर्ज तिथेच अडतो, त्यामुळे आधी मीटर ट्रस्टच्या नावावर करून घ्या. कळवा, मुंब्रा आणि शीळ परिसरात महावितरणची फ्रँचायझी म्हणून टोरंट पॉवर काम पाहते, तिथल्या मंदिरांनी त्यांच्या कार्यालयात जायचं. बाकी ठाणे आणि नवी मुंबईत महावितरणचं उपविभागीय कार्यालय.

दुसरी गोष्ट म्हणजे मंजूर भार. तो २ किलोवॉट असेल तर त्यावर ३ किलोवॉटचा संच बसत नाही, भार वाढवून घ्यावा लागतो. १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जांसाठी केंद्राच्या २०२४ च्या ग्राहक हक्क नियमांनी तांत्रिक तपासणीचा टप्पा काढून टाकला आहे, त्यामुळे हे काम पूर्वीइतकं रेंगाळू नये. तरी त्याचा खर्च निधीत धरायला विसरू नका.

तिसरी, दराचा वर्ग. प्रार्थनास्थळांना महावितरणचा घरगुती दर लागतो. पण सभागृह लग्न-मुंजीला भाड्याने देत असाल तर त्या भागाला वाणिज्यिक दर लागतो. निव्वळ मंदिराच्या मीटरला वाणिज्यिक दर लागलेला दिसला, तर सौर संचाचा विचार नंतर करा. वर्ग बदलण्याचा अर्ज फुकटात जास्त वाचवेल.

आधी पंखे बदला, मग पॅनेल मोजा

इथेच बहुतेक ट्रस्टचे पैसे वाया जातात. कंपनीचा माणूस बिल पाहतो आणि ७,८०० युनिटांना पुरेल एवढा संच सुचवतो. ठाणे-नवी मुंबईत १ किलोवॉटचा संच वर्षाला साधारण १,३०० युनिट देतो असं हात राखून धरावं. त्या हिशेबाने ६ किलोवॉट. किलोवॉटमागे ६५ हजार रुपये धरले तर ३,९०,००० रुपये. गणित बरोबर आहे, पण त्यात जुने पंखे तसेच फिरत राहतात.

आता मंडपात फिरून वापराची यादी करा. आपल्या मंदिरात २४ जुने छताचे पंखे आहेत. प्रत्येकी ७५ वॉटचे आणि दिवसाला सरासरी सहा तास चालणारे, म्हणजे रोज १०.८ युनिट. २० जुन्या ट्यूबलाइट, चोक धरून ५० वॉटच्या, पाच तास: ५ युनिट. शिखरावर आणि आवारात टाकलेले १५० वॉटचे चार फ्लडलाइट, पाच तास: ३ युनिट. पाण्याचा पंप पाऊण युनिट. कॅमेरे, ध्वनिक्षेपक, कार्यालयातला संगणक मिळून दीड युनिट. एकूण रोजचे २१ युनिट, त्यात सणांची रोषणाई मिळवली की वर्षाचे ७,८०० जुळतात. यादी आणि बिल असं जुळलंच पाहिजे. फार तफावत आली तर एखादी वायर मंदिराबाहेरच्या कुणाच्या तरी दुकानाला गेलेली निघते, हे जत्रेच्या जागी असलेल्या मंदिरांना सांगायला नको.

बीएलडीसी पंखा त्याच वाऱ्याला ३० ते ३५ वॉट घेतो. ३२ वॉट धरला तर २४ पंख्यांचा रोजचा वापर १०.८ वरून ४.६ युनिटांवर येतो. ट्यूबच्या जागी २० वॉटची एलईडी पट्टी आणि १५० वॉटच्या फ्लडलाइटच्या जागी ५० वॉटचा एलईडी लावला की उजेडाचा वापर ८ वरून ३ युनिटांवर येतो. पंप आणि बाकी तसंच ठेवून रोजचे झाले १० युनिटांच्या आत, आणि सणांसकट वर्षाला साधारण ३,७५०.

म्हणजे आता ६ नाही, ३ किलोवॉट पुरे. ५५० वॉटची सहा पॅनेल घेतली की ३.३ किलोवॉट होतात आणि वर्षाला ४,३०० च्या आसपास युनिट मिळतात, थोडी वाढ झेपेल इतके. लहान संच किलोवॉटमागे जरा महाग पडतो, म्हणून ७० हजार धरू: २,३१,०००. पंखे प्रत्येकी २,८०० प्रमाणे ६७,२००, ट्यूब ६,००० आणि फ्लडलाइट ८,०००. बेरीज ३,१२,२००. आधीच्या ३,९०,००० च्या तुलनेत पाऊण लाखाहून जास्त वाचले, छतावरची निम्मी जागा मोकळी राहिली आणि सभामंडपाला नवे पंखे मिळाले.

मग ६ किलोवॉट बसवून जादा वीज विकली तर काय हरकत आहे, असं समितीत कुणीतरी विचारतंच. नेट मीटरमध्ये दुपारी तयार झालेलं युनिट तुमच्या खात्यात जमा होतं आणि संध्याकाळच्या आरतीला वापरलेल्या युनिटातून वजा होतं. उरलेलं पुढच्या महिन्यात जातं. हे ३१ मार्चपर्यंतच चालतं. त्या दिवशी शिल्लक राहिलेली युनिटं वीज कंपनी तुमच्या बिलाच्या दरापेक्षा बऱ्याच कमी दराने घेते. घरगुती दराचे टप्पे चढते असतात, त्यामुळे पहिल्या किलोवॉटने वाचवलेली युनिटं सर्वांत महाग टप्प्यातली असतात आणि शेवटच्या किलोवॉटने वाचवलेली सर्वांत स्वस्त. गरजेपेक्षा मोठा संच म्हणजे भाविकांच्या पैशाने स्वस्तात वीज विकणं.

सभागृहाच्या वाणिज्यिक मीटरवर संच जोडायचा असेल तर एक वेगळी खबरदारी. तिथे वेळेनुसार दर असतात आणि दुपारच्या युनिटाचा संध्याकाळच्या वापराशी मेळ कसा घालतात याचे नियम दरनिश्चितीच्या आदेशांबरोबर बदलतात. उपविभागाकडून हे लेखी घ्या आणि मगच नोटिशीत बचतीचा आकडा टाका.

छतावर काय पाहायचं

गाभाऱ्यावर पॅनेल नकोत हे बहुतेक ठिकाणी न सांगताच ठरलेलं असतं, देवाच्या डोक्यावर पाय पडू नये म्हणून. पॅनेल धुवायला महिन्यातून दोनदा कुणीतरी वर जाणारच. म्हणून सभामंडप, कार्यालय किंवा भक्तनिवासाचं छत निवडा.

खरी अडचण शिखराची सावली. पूर्वाभिमुख मंदिरात मंडप शिखराच्या पूर्वेला येतो, त्यामुळे दुपारनंतर सावली मंडपावर सरकते. शिखर मंडपाच्या छतापासून १५ फूट वर असेल तर डिसेंबरात दुपारी तीनच्या सुमारास त्याची सावली ईशान्येकडे सुमारे २२ फूट जाते. मंडपाचा शिखराजवळचा उत्तरेकडचा भाग हिवाळ्यात रोज अंधारात. पश्चिमाभिमुख मंदिरात हेच सकाळी घडतं. आपल्या उदाहरणात पॅनेल मंडपाच्या आग्नेय कोपऱ्यात, दक्षिणेकडे तोंड करून लावायची. एका ओळीत जोडलेल्या पॅनेलपैकी एकावर सावली पडली तरी सगळ्या ओळीचं उत्पादन घसरू शकतं, म्हणून ध्वजाची काठी, नारळाचं झाड आणि शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकीही मोजा. सर्वांत सोपा उपाय म्हणजे मार्गशीर्षात सकाळी नऊ, बारा आणि तीन वाजता छतावर खडूने सावलीची कड आखणं. कंपनीच्या संगणकावरच्या चित्रापेक्षा मी त्या खडूवर जास्त विश्वास ठेवीन.

संचाला ३०० ते ३५० चौरस फूट जागा लागते. पॅनेलचं वजन प्रत्येकी ३० किलोच्या आसपास, स्लॅबला ते जड नाही. काळजी वाऱ्याची असते. मुंबई-ठाणे पट्ट्यासाठी भारतीय मानकात धरलेला मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर आहे, म्हणजे ताशी जवळपास १६० किलोमीटर. सांगाड्याचं डिझाइन या वेगासाठी केल्याचं संरचना अभियंत्याचं पत्र मागा. खाडीच्या खाऱ्या हवेत साधं रंगवलेलं लोखंड दोन-तीन पावसाळ्यांत गंज धरतं, त्यामुळे सांगाडा गरम झिंकात बुडवलेला आणि नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे असं कोटेशनमध्येच लिहून घ्यायचं. स्लॅबला जुनं वॉटरप्रूफिंग असेल तर ते आधी करून घ्या. संच बसल्यावर गळती लागली की पॅनेल उतरवण्याचा खर्च वेगळा, आणि कंपनी व वॉटरप्रूफिंगवाला एकमेकांकडे बोट दाखवणार. ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यावर संच बसवू नका, त्यावर माणूस चढणंच धोक्याचं आहे.

लाइट गेल्यावर काय होतं

नेट मीटरचा साधा संच वीजपुरवठा बंद पडला की स्वतःही बंद पडतो, भर दुपारी लख्ख ऊन असलं तरी. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या छतावरून गेलेल्या विजेचा झटका बसू नये म्हणून ती सोय केलेली असते. हे नोटिशीत स्पष्ट लिहा. नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात कीर्तन चालू असताना वीज जाते, पंखे थांबतात आणि "एवढे पैसे घेतले, सोलरचं झालं काय?" हा प्रश्न सगळ्या मंडपासमोर येतो.

गाभाऱ्यातले दिवे, कॅमेरे आणि ध्वनिक्षेपक चालू ठेवायचे असतील तर वेगळा घरगुती इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-तासाची एक बॅटरी पुरते. २०० वॉटचा भार ती पाचेक तास ओढते. २४ पंखे बॅटरीवर चालवायचा हट्ट धरू नका. बॅटऱ्या दर काही वर्षांनी बदलाव्या लागतात आणि तो खर्च पुन्हा भाविकांकडेच येतो.

सबसिडी, करसवलत आणि कायदा

समितीच्या बैठकीत हमखास येणारं वाक्य: "भाऊ, सरकार ७८ हजार देतंय ना?" पीएम सूर्यघर योजनेतले ७८,००० रुपये घरांसाठी आहेत, आणि गृहनिर्माण संस्थेच्या सामाईक वापरासाठी वेगळा दर आहे. मंदिर ट्रस्टला ही सबसिडी मिळत नाही, बिल घरगुती दराने येत असलं तरी. एखाद्या विश्वस्ताच्या नावाने अर्ज करून ती मिळवून देतो म्हणणाऱ्या विक्रेत्याला दारातूनच परत पाठवा. नोटिशीत खर्चातून सबसिडी वजा करून दाखवू नका.

करसवलतीचंही तसंच. ८०जी म्हणून ओळखली जाणारी सवलत निव्वळ धार्मिक ट्रस्टच्या देणगीला मिळत नाही. ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलात्मक महत्त्वाची म्हणून केंद्राने अधिसूचित केलेल्या मंदिरांचा जीर्णोद्धार हा त्याला अपवाद. तुमच्या ट्रस्टकडे तशी मान्यता नसेल तर "देणगी करमुक्त" हे शब्द छापू नका. वर्षअखेरीस भाविक सीएकडे पावती घेऊन जातो तेव्हा फजिती ट्रस्टची होते.

एका व्यक्तीकडून एका दिवसात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भाविकाची देणगी परकीय योगदान ठरते, त्यासाठीची वेगळी नोंदणी नसेल तर ती घेता येत नाही. मुलगा अमेरिकेत आहे पण पासपोर्ट भारतीय आहे, तर त्याने बँकेमार्फत स्वतःच्या कमाईतून दिलेलं चालतं. ठाणे-नवी मुंबईत असा मुलगा जवळपास प्रत्येक इमारतीत आहे, म्हणून नोटिशीत ही एक ओळ असू द्या.

पैसे कमी पडले तर कर्ज काढू, असं ठरावात लिहिण्यापूर्वी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ३६अ वाचा: विश्वस्तांना धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय कर्ज घेता येत नाही. कंपनीच संच बसवेल, तुम्ही फक्त छत २५ वर्षांसाठी द्या, अशीही योजना येते. तीन वर्षांहून अधिक काळाच्या भाडेपट्ट्याला कलम ३६ खाली आधी परवानगी लागते. मध्यम मंदिराने या दोन्ही वाटांना न जाता निधी जमेल तसं काम करावं.

ठरावात चार गोष्टी असाव्यात: संचाची क्षमता, निधीची मर्यादा, पैसे ठेवायचं खातं, आणि जास्त किंवा कमी रक्कम जमल्यास काय करायचं. शेवटची फार महत्त्वाची. विशिष्ट कामासाठी मागितलेला पैसा त्याच कामाला लागला पाहिजे. ताळेबंदात तो "सौर निधी" म्हणून वेगळा दिसावा आणि दानपेटीच्या रकमेत मिसळू नये. जादा रकमेचा उपयोग नोटिशीतच सांगितलेला असेल तर नंतर हिशेबतपासनिसासमोर अडचण येत नाही.

निधीचा आकडा

आता बेरीज: संच ३.३ किलोवॉट, सांगाडा आणि जीएसटीसह २,३१,०००. पंखे आणि दिवे ८१,२००. मंडपाच्या छताचं वॉटरप्रूफिंग ६०,०००. नावबदल, भारवाढ, नेट मीटरचं शुल्क आणि किरकोळ १२,०००. देखभाल राखीव ४०,०००. एकूण ४,२४,२००, नोटिशीत ४,२५,०००.

राखीव रक्कम काढून टाकण्याचा मोह होतो. ठेवाच. पॅनेल २५ वर्षं काम देतात, संचाचा इन्व्हर्टर मात्र साधारण दहा वर्षांत बदलावा लागतो. तेव्हाच्या समितीला पुन्हा फळ्यावर नोटीस लावावी लागू नये.

"एक कुटुंब, एक पॅनेल" ही कल्पना ऐकायला छान आहे. पण सहा पॅनेलना सहा देणगीदार मिळतात आणि वॉटरप्रूफिंगला कुणी मिळत नाही. त्यापेक्षा संपूर्ण निधीला देणगी मागा, कुणाला पंखा द्यायचा असेल तर तोही घ्या. पंख्याच्या पात्यावर "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ" रंगवायची आपली जुनी रीत आहे, तिला हरकत नाही. पॅनेलवर मात्र नावाचं स्टिकर किंवा रंग नको. झाकलेली जागा तापते आणि पॅनेल कायमचं खराब होतं. देणगीदारांची नावं मंडपातल्या फलकावर लिहा. तिथेही फक्त नाव आणि आभार. दुकानाची जाहिरात झाली की जीएसटीच्या दृष्टीने ती देणगी न राहता जाहिरातीचा मोबदला ठरू शकते.

नोटिशीचा नमुना

॥ श्री ॥

________ मंदिर ट्रस्ट, सेक्टर __, कोपरखैरणे, नवी मुंबई
नोंदणी क्र. ए-____ (ठाणे)
दिनांक: ________

विषय: सौर संच आणि वीजबचत निधी

सर्व भाविकांस कळविण्यात येते की, विश्वस्त मंडळाच्या दि. ____ च्या सभेतील ठराव क्र. __ नुसार मंदिराच्या दिव्यांची व पंख्यांची वीज सौर संचातून मिळविण्याचे ठरले आहे. गेल्या बारा महिन्यांत मंदिराने ७,८०० युनिट वीज वापरली व त्यापोटी १,०१,४०० रुपये भरले.

प्रथम सभामंडपातील २४ पंखे व सर्व जुने दिवे बदलून वापर सुमारे ३,७५० युनिटांवर आणला जाईल. त्यानंतर सभामंडपाच्या छतावर आग्नेय बाजूस ३.३ किलोवॉटचा संच बसविला जाईल. गाभाऱ्यावर कोणतेही काम होणार नाही. या संचासाठी शासकीय सबसिडी उपलब्ध नाही.

एकूण अपेक्षित खर्च ४,२५,००० रुपये: संच २,३१,०००, पंखे व दिवे ८१,२००, वॉटरप्रूफिंग ६०,०००, शुल्क व किरकोळ सुमारे १२,८००, देखभाल राखीव ४०,०००. तिन्ही कोटेशने कार्यालयात पाहावयास मिळतील.

हा संच महावितरणच्या पुरवठ्याशी जोडलेला असल्याने वीज गेल्यावर तो चालणार नाही. गाभाऱ्यातील दिव्यांसाठी सध्याचा इन्व्हर्टर कायम राहील. संच सुरू झाल्यावरही स्थिर आकाराचे बिल दरमहा येईल.

निधी ४,२५,००० रुपयांहून अधिक जमल्यास जादा रक्कम याच संचाच्या देखभाल निधीत ठेवली जाईल. दि. ____ पर्यंत निधी अपुरा राहिल्यास प्रथम पंखे व दिवे बदलले जातील आणि उरलेली रक्कम सौर निधीतच राखून संचाचे काम पुढील वर्षी घेतले जाईल.

देणगी कार्यालयात पावती घेऊन अथवा ट्रस्टच्या खात्यावर द्यावी. क्यूआर कोड वापरताना मोबाइलवर "________ मंदिर ट्रस्ट" हेच नाव दिसल्याची खात्री करावी. अन्य नाव दिसल्यास पैसे पाठवू नयेत व कार्यालयास कळवावे. परदेशी नागरिकत्व असलेल्या व्यक्तींची देणगी स्वीकारता येणार नाही. या देणगीस आयकरात वजावट मिळत नाही.

जमा रक्कम दर एकादशीस याच फळ्यावर लिहिली जाईल.

आपले,
अध्यक्ष / सचिव / खजिनदार

क्यूआर कोडबद्दलची ओळ उगाच नाही. दानपेटीवर चिकटवलेल्या कोडवर दुसरा कोड चिकटवून पैसे वळवण्याचे प्रकार होतात. कोड काचेच्या आत ठेवा आणि कधीही विश्वस्ताच्या वैयक्तिक खात्याचा देऊ नका.

काम देताना आणि घेताना

नोटीस दिवाळीनंतर लावली तर मार्गशीर्षातली गर्दी, दत्तजयंती, माघी गणपती आणि महाशिवरात्र हे सगळं निधीच्या काळात येतं. फेब्रुवारीत वॉटरप्रूफिंग, मार्चमध्ये संच, आणि मृगाच्या आधी नेट मीटर.

तिन्ही कोटेशनं एकाच वर्णनावर मागवा, नाहीतर तुलना होत नाही. पॅनेल केंद्राच्या मान्यताप्राप्त यादीतली, इन्व्हर्टरची हमी किती वर्षांची, अर्थिंग किती आणि कुठे, नेट मीटरचं काम कोणाकडे, हे प्रत्येकात असावं. पैसे टप्प्याने द्या: ३० टक्के आगाऊ, ५० टक्के माल छतावर आल्यावर, १० टक्के संच उभा राहिल्यावर आणि शेवटचे १० टक्के नेट मीटर बसून पहिलं बिल आल्यावर. हा शेवटचा टप्पा सोडू नका. संच उभा करून कंपनीचा माणूस गायब होतो आणि मीटरच्या अर्जासाठी सचिवाला उपविभागाच्या चकरा माराव्या लागतात, हे सर्रास घडतं. नेट मीटर नसताना संच चालू ठेवणं तर त्याहून वाईट. बाहेर गेलेली वीज जमा होत नाहीच, आणि काही मीटर ती वापर म्हणून मोजतात.

संच सुरू झाल्यावर रोजचे युनिट इन्व्हर्टरच्या मोबाइल ॲपवर दिसतात. ३.३ किलोवॉटच्या संचाने एप्रिलच्या स्वच्छ दिवशी १४ ते १५ युनिट द्यावेत. आषाढ-श्रावणात तो ६ ते ८ वर येतो, त्याने घाबरू नका. एप्रिलात १० दिसले तर आधी पॅनेल धुवा. ठाणे-बेलापूर रस्त्याची आणि बांधकामांची धूळ, त्यात कबुतरं, यांनी पंधरा दिवसांत काचेवर थर बसतो. धुणं सकाळी लवकर, काच तापण्यापूर्वी. धुऊनही आकडा तसाच राहिला तर ठरावीक वेळीच घट होते का ते पाहा. रोज तीननंतर घट होत असेल तर ती शिखराची सावली. दिवसभर उत्पादन सारखंच कमी असेल तर एखादी जोडणी सैल आहे किंवा पॅनेल बिघडलंय, कंपनीला बोलवा.

पहिल्या वर्षाच्या ३१ मार्चनंतर येणारं बिल जपून ठेवा. त्यावर शिल्लक युनिटांचा हिशेब असतो. पाचशेच्या आसपास युनिट शिल्लक राहिले तर क्षमता बरोबर निवडली गेली. दीड-दोन हजार राहिले तर सभागृहाला किंवा कार्यालयाला आणखी काही जोडून ते वापरता येतील का, हा विषय समितीच्या पुढच्या बैठकीत घ्या. आणि ते बिल, हिशेबतपासनिसाने सही केलेल्या सौर निधीच्या पानासह, जिथे नोटीस लावली होती त्याच फळ्यावर लावा.